बाबांच्या गाण्यांची यादी कुठे चुकली?

पडवीतून | 3 ऑगस्ट, रात्री 10:40

बाबा 82 वर्षांचे आहेत. गेली चार वर्षं विसरणं वाढत वाढत आता असं झालंय की सकाळी मला नावाने हाक मारतात आणि दुपारी विचारतात, "तू कोणाची गो?" डॉक्टर म्हणाले, औषधं चालू ठेवा आणि जुनी गाणी ऐकवा, बरं वाटतं अशा माणसांना. कुठली जुनी, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मग मी वाचत बसले. जिथे बघावं तिथे एकच: माणसाची गाण्याची आवड पंधरा ते पंचवीस या वयात पक्की होते, तेव्हाचं जे ऐकलेलं ते शेवटपर्यंत टिकतं. गणित सोपं वाटलं. बाबांचा जन्म 1943 चा, म्हणजे 1958 ते 1968. भाच्याने त्या दहा वर्षांतली साठ हिंदी गाणी पेन ड्राइव्हवर भरून दिली. तीन आठवडे रोज दिवेलागणीनंतर पडवीत लावली आणि काय होतंय ते वहीत लिहीत गेले.

बहुतेक गाण्यांपुढे माझ्या वहीत एकच शब्द आहे, "काही नाही". तीन वेळा "बंद कर ता खरखरणारा". एका गाण्याला पुटपुटायला लागले, पण शब्द भलतेच. चाल तीच, मधे "गणा" की काहीतरी ऐकू आलं. भ्रम वाढला असं वाटून मला रडू आलं, म्हणून बंद केलं. आणि गंमत म्हणजे चेहरा खरा खुलला तो यादीत नसलेल्या गाण्याला. माझ्या मोबाइलची रिंगटोन, 1988 च्या सिनेमातली. तेव्हा बाबा 45 वर्षांचे होते!

त्यांचं थोडक्यात सांगते. जन्म राजापूर तालुक्यातल्या वाडीत. अठराव्या वर्षी, 1961 ला, मुंबईला मामांकडे. लालबागला चाळीत बारा-पंधरा जणांच्या खोलीत राहून गिरणीत नोकरी. 1982 चा संप झाला, दोन वर्षं कसंबसं काढलं आणि 1984 ला आम्हाला घेऊन गावी परत. मी तेव्हा नऊ वर्षांची.

तर हे पंधरा ते पंचवीस खोटं आहे का? की माझंच काही चुकलं?

---

कातळशिल्प | 3 ऑगस्ट, रात्री 11:15

खोटं नाही हो. पंचविशीपर्यंत मेंदू घडत असतो, त्यानंतर पक्का होतो, सिमेंट वाळल्यासारखा. आवडीचं गाणं ऐकलं की डोपामिन सुटतं, आणि त्या वयात ते धो धो सुटतं. म्हणून तेव्हाचं गाणं कायमचं कोरलं जातं. 2018 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्पॉटिफायच्या आकड्यांवर लेख आला होता. पुरुष तेरा ते सोळा वयातली गाणी मोठेपणी सगळ्यांत जास्त ऐकतात आणि बायका त्याहूनही थोडी आधीची, अकरा ते चौदा. म्हणजे तुमची यादी उशिराची झाली. 1956 ते 1959 ची लावून बघा.

---

हापूस_एके_हापूस | 4 ऑगस्ट, सकाळी 7:02

प्रश्नच चुकीचा आहे. जुनी गाणी आवडतात कारण ती चांगलीच होती. हल्लीच्या गाण्यांना ना चाल ना शब्द. आमच्या देवगडच्या एसटीत परवा दीड तास जे काही वाजत होतं त्याला गाणं म्हणायचं असेल तर मग कोंबडा आरवतो त्यालाही म्हणा. यात मेंदूबिंदू काही नाही.

---

पडवीतून | 4 ऑगस्ट, सकाळी 8:30

हापूसदादा, बाबांना तीच "चांगली" गाणी लावली होती हो. तीच त्यांनी बंद करायला सांगितली. अडचण तीच आहे.

---

गजाली_मालवण | 4 ऑगस्ट, सकाळी 9:48

ताई, माका एक सांग. 1958 साली तुमच्या वाडीत रेडिओ होतो काय? आमच्या हय तर पयलो रेडिओ खोताकडे इलो तो 65 की 66 साली, आणि तो पण बातमेक लावीत. पोरांक हात लावक देय नसत. गाणा मुंबयत 58 साली वाजला म्हणान तुझ्या बाबांच्या कानार पडला असा कोणी सांगितला?

---

भरती_ओहोटी | 4 ऑगस्ट, दुपारी 1:20

गजालींनी नेमकं बोट ठेवलं. मी रत्नागिरीत कॉलेजात तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. स्मृती हाच माझा विषय होता, म्हणून जरा लांबण लावते.

चाळिशीच्या पुढच्या माणसांना एकेक शब्द द्यायचा, "पाऊस", "होडी", "पत्र", आणि त्यावरून आयुष्यातली एखादी आठवण सांगायला लावायची. शेकडो आठवणी गोळा झाल्या की त्या तेव्हाच्या वयाप्रमाणे मांडायच्या. अगदी लहानपणचं जवळपास काही नसतं, अलीकडचं भरपूर असतं, आणि मधे साधारण दहा ते तीस या वयात एक फुगवटा दिसतो. 1986 मध्ये डेव्हिड रुबिन आणि त्याच्या सोबत्यांनी वेगवेगळ्या लोकांच्या आठवणी एकत्र मांडून तो नीट दाखवला. वर्गात मी त्याला आठवणींचं टेकाड म्हणायचे.

पण हे टेकाड आठवणींचं आहे, आवडीचं नाही. दोन्ही एकच धरले जातात आणि इथूनच घोटाळा सुरू होतो.

आवडीचं जे प्रसिद्ध काम आहे ते 1989 चं, हॉलब्रुक आणि शिंडलर यांचं, अमेरिकेतलं. 16 ते 86 वयाच्या 108 माणसांना 1932 ते 1986 मधली 28 गाणी ऐकवून किती आवडली ते विचारलं. माणूस साधारण साडेतेवीस वर्षांचा असताना गाजलेलं गाणं त्याला सगळ्यांत जास्त आवडलं. उलट 2020 च्या एका अभ्यासात 470 लोकांना 111 गाण्यांची नावं देऊन विचारलं की या गाण्याशी तुमची काही आठवण जोडलेली आहे का. तिथे शिखर आलं चौदाच्या आसपास. आणि त्यात तरुण मंडळींना आवडलेली गाणी बरीचशी त्यांच्या जन्माआधीची निघाली! म्हणजे कोणतं गाणं आठवणी उपसतं आणि कोणतं आवडतं, ही दोन वेगळी माणसं आहेत, एका घरात राहणारी.

आता तुमच्या यादीकडे येऊ. या सगळ्या अभ्यासांत वय काढतात ते असं: गाणं बाजारात आलं ते साल वजा माणसाचं जन्मसाल. अमेरिकेत ते चालून जातं, कारण तिथे गाणं ज्या वर्षी गाजलं त्याच वर्षी रेडिओवरून घराघरांत गेलं. राजापूरच्या वाडीत नाही चालत. तुम्ही मुंबईतल्या मुलाची यादी बनवलीत आणि ती कोकणातल्या मुलाला लावलीत.

---

कातळशिल्प | 4 ऑगस्ट, दुपारी 2:05

पण बाई, सिमेंटचं काय? म्हणजे कारण तर मेंदूच ना?

---

भरती_ओहोटी | 4 ऑगस्ट, दुपारी 4:45

कातळ, तुमचं अर्धं बरोबर आहे. मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो हे खरं. गाणं ऐकताना अंगावर काटा आला की डोपामिन सुटतं हेही 2011 मध्ये प्रयोगात मोजून दाखवलंय. पण "त्या वयात धो धो सुटतं म्हणून गाणं कोरलं जातं" हे वाक्य म्हणजे दोन खऱ्या गोष्टींच्या मधे टाकलेला साकव आहे, आणि तो साकव कोणी नीट तपासलेला नाही. स्पॉटिफायचे आकडेही एवढंच सांगतात की लोक काय वाजवतात. का वाजवतात, ते सांगत नाहीत.

आणि सिमेंट वाळत असतं तर टेकाड सरकलं नसतं. ते सरकतं. रुबिन आणि श्राउफ यांनी स्पॅनिश बोलणाऱ्या, मोठेपणी अमेरिकेत आलेल्या वयस्क माणसांच्या आठवणी पाहिल्या. जे विशीच्या सुरुवातीला आले त्यांचं टेकाड नेहमीच्या जागी. जे चौतीस-पस्तिसाव्या वर्षी आले त्यांचं पुढे सरकलेलं, नेमकं देश सोडल्याच्या सुमाराला. मेंदूचं वय तर दोघांचं सारखंच पुढे जात होतं. वेगळं काय होतं? नवीन गाव, नवीन भाषा, नवीन काम, आणि "आता मी कोण" हा प्रश्न. बहुतेकांच्या आयुष्यात हे सगळं पंधरा ते पंचवीसमध्ये येतं, म्हणून टेकाड तिथे असतं. मला स्वतःला हेच कारण सगळ्यांत पटतं. नवलाई संपली की रोजच्या दिवसांची आठवण एकमेकांत मिसळून जाते आणि वेगळी काढता येत नाही.

---

मस्कतचा_पाऊस | 4 ऑगस्ट, रात्री 9:10

बाई, तुम्ही माझंच चरित्र लिहिलंत! गुहागरजवळचा मी. चौतीस वर्षांचा असताना, 1994 ला मस्कतला गेलो, इलेक्ट्रिशियन म्हणून. आता परत येऊन बारा वर्षं झाली. कॉलेजातली गाणी लागली की "हो, छान" एवढंच. पण तिथे आमच्या कॅम्पातला एक मलबारी स्वयंपाकी दिवसभर जी मल्याळम गाणी लावायचा ती कुठे कानावर आली की डिझेलचा वास, पत्र्याची खोली, पहिल्या पगाराच्या दिवशी पोस्टाची रांग, सगळं उभं राहतं. भाषेतला एक शब्द कळत नाही मला. आवडतात का, विचाराल तर सांगता येत नाही. बायको म्हणते, बंद करा ते.

---

भरती_ओहोटी | 4 ऑगस्ट, रात्री 9:32

मस्कतदादा, "आवडतात का सांगता येत नाही" हे वाक्य मी वर्गात वापरलं असतं.

---

वाशिष्ठी_03 | 4 ऑगस्ट, रात्री 11:50

मी 22 ची, चिपळूणची. माझी प्लेलिस्ट बघितलीत तर निम्मी 1990 च्या आसपासची. माझा जन्म 2003 चा! मैत्रिणी हसतात. पप्पांची सहा आसनी रिक्षा होती, बहादूरशेख नाका ते खेर्डी. सुट्टीत मी पुढे त्यांच्या बाजूला बसायचे आणि तीच एक कॅसेट उलटसुलट वाजत असायची. मला त्या काळाची ओढ लागते, जो मी बघितलेलाच नाही. याला काय म्हणायचं?

---

भरती_ओहोटी | 5 ऑगस्ट, सकाळी 10:15

वाशिष्ठी, तुझ्यासारख्यांवरच एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्या विशीतल्या मुलामुलींना 1955 ते 2009 मधली गाजलेली गाणी ऐकवली. करोल क्रुमहान्सलचा, 2013 चा. स्वतःच्या वयातल्या गाण्यांशी त्यांच्या आठवणी जास्त होत्याच, पण आणखी एक टेकाड निघालं 1980 च्या आसपास. त्यांचे आईवडील जेव्हा तरुण होते तेव्हाचं. आणि एक छोटं त्याहून मागे, 1960 च्या दशकातलं. ते आजी-आजोबांकडून आलं की ती गाणीच तशी होती, हे त्यांनाही ठरवता आलं नाही. हापूसदादांना तेवढी एक खिडकी उघडी आहे.

---

हापूस_एके_हापूस | 5 ऑगस्ट, सकाळी 10:40

बघा! म्हणालो होतो.

---

ढोलकी_रिंगण | 5 ऑगस्ट, रात्री 8:25

पडवीतून ताई, मला तुमचं ते "शब्द भलतेच" राहून राहून आठवतंय. मी लांज्याचा, आमच्याकडे तीन पिढ्या जाखडी आहे. तुमच्या बाबांनी "गणा" म्हटलं ना?

जाखडीला पहिला गण असतो, गणपतीचा. मग गवळण, मग शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना सवाल टाकतात. आमचे शाहीर शब्द स्वतः बांधतात, पण चाल पुष्कळदा गाजलेल्या सिनेमाच्या गाण्याची उचलतात. आजोबांच्या काळीही उचलायचे. रिंगणात नाचणाऱ्या पोराला सिनेमा माहीतच नसायचा, त्याला ती चाल म्हणजे गण.

ताई, मला नाही वाटत तो भ्रम आहे. बाबा नाचायचे का, विचारा गावात कोणाला. आणि ते गाणं पुन्हा लावा, पण बंद करू नका. शब्द ऐका.

---

पडवीतून | 5 ऑगस्ट, रात्री 8:51

अंगावर काटा आला हो. बाबांच्या पेटीत चाळ आहेत. पितळेच्या घुंगरांचे, पट्टा पार कुजलेला. मला वाटायचं आजोबांचे असतील. विचारते.

---

गजाली_मालवण | 5 ऑगस्ट, रात्री 9:15

बघ, माका तर सुरवातीपासून वाटत होता! आमच्याकडे असता तर मी दशावतार सांगितला असता. जखडी, जाखडी, बाल्या, तुमी लोक काय काय म्हणतात देव जाणे, पण नाच तो नाच. पायाक आठवता.

---

पडवीतून | 10 ऑगस्ट, रात्री 9:30

विचारलं. बाबांचे एक चुलतभाऊ आहेत वरच्या वाडीत, 79 वर्षांचे, कान शाबूत. म्हणाले, "तुझो बापूस म्हंजे रिंगणातलो पयलो गडी!" तेराव्या वर्षापासून नाचायचे. मुंबईला गेल्यावरही चाळीतल्या गाववाल्यांचं मंडळ होतं, गणपतीत गावी यायचे तेव्हा तर रात्र रात्र. लग्नानंतर कधीतरी सुटलं. आईला हे आवडत नसावं, असं काका हळूच म्हणाले.

मी ते गाणं परत लावलं. बाबा थांबले, मग म्हणायला लागले. पहिली ओळ पूर्ण, दुसरी अर्धी. "आधी वंदू तुज" असं काहीतरी, नंतर गावदेवीचं नाव. सिनेमाच्या गाण्यात आमची गावदेवी कुठून येणार! डाव्या पायाचा चवडा हलत होता.

बाई, आता पुढे काय करू? जाखडीचं रेकॉर्डिंग शोधलं तर सगळं हल्लीचं, कीबोर्डवालं.

---

भरती_ओहोटी | 10 ऑगस्ट, रात्री 10:50

आता सालावरून शोधणं सोडा. बाबांच्या आयुष्याचा नकाशा काढा. तेरा ते अठरा वाडीत: तिथे कोणता आवाज पोचत होता? जाखडी, आरत्या, शिमग्यातली पालखी आणि ढोल, देवळातलं भजन. अठरा ते तीस लालबाग: कोपऱ्यावरच्या हॉटेलातला रेडिओ, चाळीतलं भजनी मंडळ, गिरणीचा भोंगा. तिथली कोणती सिनेमाची गाणी त्यांच्या कानावर पडली असतील ते काकांना विचारा. आणि 1982 विसरू नका. बांगलादेशातल्या वयस्क लोकांच्या आठवणींत नेहमीच्या टेकाडाबरोबर दुसरं एक टेकाड आलं होतं, 1971 च्या लढ्याच्या वर्षांवर, माणसं तेव्हा पस्तीस ते पंचावन्नची असूनही. संपात 39 वर्षांच्या गिरणी कामगाराचं काय झालं असेल? पण ते जपून. तिथून चांगलंच काही निघेल असं नाही.

लावताना एका संध्याकाळी एकाच जातीचे दोन-तीन तुकडे, जास्त नाहीत. "आवडलं का" असं विचारू नका, ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हणतील. वहीत पाय, बोटं, ओठ लिहा, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पुढची ओळ गाण्याच्या आधी म्हणतात का, ते. आधी म्हटली तर ते ओळखीचं आहे, यात शंका नाही. नुसता पाय हलला तर खात्री नाही, कारण ठेका असला की पाय कशालाही हलतो. म्हणून मधेच एखादं असं वाजवा जे त्यांनी ऐकलेलं असणं शक्यच नाही, पंजाबी ढोलाचं वगैरे. त्यालाही तेवढाच पाय हलला तर तुमच्या वहीतले अर्धे शेरे खोडा.

दुसरं, "खरखरणारा". तुम्ही कशावर लावत होतात?

---

पडवीतून | 10 ऑगस्ट, रात्री 11:02

भाच्याचा छोटा स्पीकर, मुठीएवढा.

---

भरती_ओहोटी | 10 ऑगस्ट, रात्री 11:20

मग ते खरंच खरखरत असेल. 82 व्या वर्षी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येणं खूप कमी झालेलं असतं. साठ वर्षांपूर्वीचं ध्वनिमुद्रण, मुठीएवढा स्पीकर आणि म्हातारा कान, तिघांनी मिळून गाण्याचा चोथा केला असणार. आवाज वाढवून फायदा नाही, कर्कश होतं. जरा मोठा, खर्ज नीट देणारा स्पीकर शेजारून मागून आणा आणि त्यांच्या जवळ ठेवा. साठ गाण्यांपैकी किती आवडली नाहीत आणि किती ऐकूच आली नाहीत, हे आपल्याला आता कळणार नाही. तो प्रयोग बाद धरा.

---

कातळशिल्प | 11 ऑगस्ट, सकाळी 9:00

एक शंका. बाबा दर गणपतीला आरत्या ऐकतात, आयुष्यभर. मग आरत्यांना टेकाड कुठलं? त्याही लहानपणच्याच ना?

---

भरती_ओहोटी | 11 ऑगस्ट, दुपारी 12:35

कातळ, हा प्रश्न चांगला काढलात. आरती पाठ असते, घट्ट असते, पण ती कुठल्याच एका वर्षाची राहत नाही. दर वर्षी तीच, म्हणून एकावर एक थर बसून सगळे गणपती एक होतात. आरती म्हणता येईल, पण तिच्यामागून चौदाव्या वर्षाचं काही उलगडत येईल याची शक्यता कमी. जे गाणं एका काळात भरपूर ऐकलं आणि मग हातातून सुटलं, ते त्या काळाला चिकटून राहतं. बाबांची जाखडी लग्नानंतर सुटली, म्हणून ती जपली गेली असावी. गंमत अशी की उलटं म्हणणारेही आहेत: आवडतं गाणं माणूस पुन्हा पुन्हा ऐकतो, म्हणूनच ते टिकतं आणि टेकाड उंच होतं. आवडत्या गाण्यांचं टेकाड पुस्तकं आणि सिनेमांपेक्षा ठळक येतं ते यामुळेच, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही खरं असू शकतं, आठवण आणि आवड वेगळी धरली तर. माझं याबाबत अजून ठरलेलं नाही.

---

ढोलकी_रिंगण | 11 ऑगस्ट, रात्री 7:40

रेकॉर्डिंग कशाला शोधताय ताई, सध्या तालमी चालू आहेत सगळीकडे! चतुर्थी 27 ला. तुमच्या वरच्या वाडीत मंडळ असेल तर बाबांना खुर्चीत घालून न्या. नाहीतर काकांना घरी बोलवा आणि नुसती ढोलकी वाजवायला एक पोर. कीबोर्ड नको.

---

पडवीतून | 24 ऑगस्ट, रात्री 10:05

नेलं. वरच्या वाडीत देवळाच्या सभामंडपात तालीम होती. पहिली वीस मिनिटं बाबा कंटाळले, घरी चल म्हणाले. पोरांनी गण घेतला, नवीन चालीवर, त्यांना काही नाही. मग काकांनी ढोलकीवाल्याला थांबवलं आणि स्वतः एक जुना गण धरला, बिनपेटीचा. बाबांनी दुसरी ओळ काकांच्या आधी म्हटली, बाई. आधी! आणि काकांनी एक शब्द चुकवला तर हात करून थांबवलं. "असो नाय रे."

पुढे तो शब्द कुठला ते मात्र त्यांना सांगता येईना. काकाही विसरलेत. सगळे दोन मिनिटं गप्प बसून होते.

घरी येताना मला विचारलं, "तू कोणाची गो?" म्हणजे त्यात काही फरक नाही. झोप मात्र चांगली लागली.

पंजाबी ढोलही लावून बघितला होता, मोठ्या स्पीकरवर. पाय हलला! म्हणून बाईंच्या सांगण्याप्रमाणे वहीतले बरेच शेरे खोडलेत. ओळ आधी म्हटली ते तीनच उरले: काकांचा तो गण, सिनेमाच्या चालीवरचा गण, आणि चाळीतल्या भजनाचा एक गजर.

---

मस्कतचा_पाऊस | 24 ऑगस्ट, रात्री 10:30

तीन म्हणजे कमी नाहीत ताई.

---

भरती_ओहोटी | 25 ऑगस्ट, सकाळी 9:20

छान केलंत. ओळख परत येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. 2015 मध्ये लायप्झिगच्या संशोधकांनी दाखवलंय की फार जुनं, सवयीचं संगीत मेंदूत जिथे सांभाळलं जातं तो भाग अल्झायमरमध्ये तुलनेने उशिरा झिजतो. तो शाबूत राहिला म्हणजे बाकीचं परत येतं असं नाही. तुमच्या बाबांना कुठला आजार आहे ते डॉक्टरांनाच माहीत, मी त्यात शिरत नाही. आणि एखाद्या गाण्याने अस्वस्थ झाले, उठून जायला बघितलं, तर लगेच थांबवा. संपाच्या काळातलं काही लावलंत तर विशेष लक्ष ठेवा.

---

वाशिष्ठी_03 | 25 ऑगस्ट, रात्री 11:15

पण रिंगटोनचं काय? 1988 चं गाणं, ज्याने चेहरा खुलला? ते कोणीच सोडवलं नाही.

---

कातळशिल्प | 26 ऑगस्ट, सकाळी 8:10

सोपं आहे. रिंगटोन वाजली की ताई फोन घेतात, हसून बोलतात. बाबा गाण्याला नाही, ताईंच्या चेहऱ्याला हसत असतील.

---

पडवीतून | 2 सप्टेंबर, रात्री 11:40

गौरी-गणपती आज गेले. घर एकदम रिकामं वाटतंय.

कातळदादा, तपासून बघितलं. फोन आतल्या खोलीत ठेवून भाच्याकडून वाजवला, मी बाबांसमोर गप्प बसले. दोनदा काही नाही, तिसऱ्यांदा हसले. आता याचा काय अर्थ लावायचा ते बाईच जाणोत.

पण मला एक आठवलं. 1988 ला मी तेरा वर्षांची. बाबांनी राजापूरच्या बाजारातून सेकंडहँड टेपरेकॉर्डर आणला होता, त्यासोबत एकच कॅसेट. ती मी वर्षभर वाजवली, शेवटी रीळ अडकून तुटली. बाबा तेव्हा मुंबई सोडून चार वर्षं झालेली, धड काम नाही, दिवसभर याच पडवीत बसलेले असायचे. त्यांनी ती माझ्याइतकीच ऐकली असणार. त्यांचं टेकाड की माझं, कोणास ठाऊक.

---

गजाली_मालवण | 3 सप्टेंबर, सकाळी 7:25

ता रवांदे. काकांक सांग, तो विसारलेलो शब्द मिळालो तर हय लिव. माका रात्री झोप नाय.

---

ढोलकी_रिंगण | 3 सप्टेंबर, सकाळी 8:00

ताई, दोन ओळी जशा म्हटल्या तशा लिहून पाठवा. आमच्या आजोबांची वही आहे, 1960 च्या आसपासची, वाळवीने अर्धी खाल्लेली. गण पहिल्या पानांवर आहेत. बघतो.